राहून गेलेला कचरा: इमारतीतील शूट, डबे आणि उंदीर-माश्यांचा बंदोबस्त

आमची ठाण्यातील इमारत चौदा मजल्यांची असून तिच्यात 56 बिऱ्हाडे आहेत. लिफ्टच्या मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत कचऱ्याची शूट आहे, जिला बहुतेक रहिवासी ‘डक्ट’ म्हणतात, आणि तळमजल्यावर तिच्या तोंडाशी कचऱ्याची खोली आहे. या खोलीभोवती घुशी दिसू लागल्या तेव्हा समितीने औषध टाकणाऱ्यांना बोलावले. महिना-दीड महिना बरे गेले आणि मग पुन्हा तेच सुरू झाले. दुसऱ्यांदा औषध टाकूनही हाच अनुभव आल्यावर समितीतील आम्ही दोघा-तिघांनी घुशींचा नाद सोडून त्या काय खातात ते पाहायचे ठरवले.

घंटागाडीत भरून गेलेल्या कचऱ्यावर उंदीर जगत नाही, तो मागे राहून गेलेल्या कचऱ्यावर जगतो. मोठ्या उंदराला दिवसाला साधारण 15 ते 30 ग्रॅम अन्न पुरते, म्हणजे जेमतेम अर्धी-पाऊण पोळी. दररोज 45 किलो ओला कचरा बाहेर पाठवणाऱ्या इमारतीत डब्यांमागे, शूटच्या तळाशी आणि गटाराच्या जाळीवर मिळून केवळ 300 ग्रॅम खरकटे उरले, तरी दहा ते वीस उंदरांची रोजची सोय होते. अन्न तेवढेच राहिले तर औषधाने मेलेल्यांची जागा उरलेले भरून काढतात, कारण मादी तीन आठवड्यांत विते आणि वर्षातून अनेकदा विते.

माशीचे गणित वेगळे आहे. घरमाशी ओलसर, कुजणाऱ्या थरात अंडी घालते आणि आपल्याकडील उन्हाळ्या-पावसाळ्यात सात ते दहा दिवसांत त्यांतून उडणारी माशी तयार होते. अळी मधले चार-पाच दिवस ओल्यात खाते आणि कोश करण्यासाठी जवळच्या कोरड्या फटीत सरकते. म्हणून कचरा रोज उचलला जात असूनही माश्या कमी होत नसतील, तर कुठला तरी ओला थर आठवडाभर जागचा हललेला नाही, असे समजावे. पुढील सर्व कामात हे दोन हिशेब लक्षात ठेवायचे आहेत. उंदरासाठी रात्रभर अन्न उघडे राहता कामा नये आणि माशीसाठी कोणताही ओला थर तीन दिवसांपेक्षा जास्त टिकता कामा नये.

आधी दोन रात्री पाहणी

खर्चाचे कोणतेही काम काढण्यापूर्वी दोन रात्री पाहणीला द्याव्यात. रात्री अकराच्या सुमारास कचऱ्याच्या खोलीचा उंबरा, भिंतीच्या कडा, पंपाच्या खोलीचे दार आणि पार्किंगमधील कोपरे अशा ठिकाणी पांढऱ्या रांगोळीचे वीतभर रुंद पट्टे भिंतीला लागून टाकावेत आणि सकाळी सहाला, झाडू लागण्यापूर्वी, ते टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावेत. पावलांचे ठसे आणि शेपटी ओढल्याची रेघ दिसली की ये-जा कुठून होते ते कळते. उंदीर मोकळ्या जागेतून सहसा जात नाही, तो भिंतीला घासून जातो. त्यामुळे जुन्या वाटेवर भिंतीच्या तळाशी तेलकट काळपट पट्टा उमटलेला असतो.

लेंड्याही पाहाव्यात. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर ती घरातील लहान उंदरे आहेत, राजम्याच्या दाण्याइतक्या लांब असतील तर मोठा उंदीर किंवा घूस आहे. हा फरक पुढे उपयोगी पडतो, कारण लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, तर मोठ्याला त्याच्या दुप्पट फट लागते. बीळ दिसले तर त्यात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबून ठेवावा. दोन दिवसांत तो बाहेर ढकललेला आढळला तर बीळ वापरात आहे.

माश्यांसाठी डबे हलवून खालची फरशी पाहावी, डब्याच्या चाकांमधली पोकळी पाहावी आणि शूटच्या खालच्या तोंडाची आतली कड पाहावी. पांढऱ्या अळ्या किंवा गव्हाच्या दाण्यासारखे तपकिरी कोश सापडले तर पैदास तिथेच चालू आहे. गटाराजवळ केसाळ पंखांच्या, पतंगासारख्या बारीक माश्या दिसत असतील तर त्यांचे मूळ कचऱ्यात नसून मोरीच्या नळीतील बुळबुळीत थरात असते. खात्री करायची असेल तर जाळीच्या काही भागावर चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, रात्रभर लावावी. सकाळी माश्या चिकटलेल्या असतील तर त्या नळीतूनच येत आहेत.

आमच्याकडे ठसे कचऱ्याच्या खोलीत सापडतील असे वाटले होते आणि ते सापडलेही, परंतु त्याहून जास्त ठसे पार्किंगमधील एका खांबाभोवती होते. एक वयस्कर काका तिथे रोज संध्याकाळी कबुतरांना ज्वारी टाकत. कबुतरे अंधार पडल्यावर येत नाहीत, त्यामुळे ती ज्वारी रात्री घुशी खात होत्या. मांजरांसाठी ठेवलेल्या दुधा-बिस्किटांच्या वाट्यांचीही तीच गत होती. काकांना समजावणे हे या सगळ्या कामातील सर्वांत नाजूक प्रकरण ठरले. आता ते सकाळी आठला तासाभरात संपेल एवढेच दाणे टाकतात, आणि उरलेले वॉचमन झाडून घेतो.

स्वयंपाकघरातून निघताना

ओल्या कचऱ्याचा उपद्रव बहुतांशी त्यातील पाण्यामुळे होतो. पाणी निथळलेला कचरा उशिरा कुजतो, कमी गळतो आणि माशीलाही कमी मानवतो. उरलेली आमटी, ताक, चहाचा चोथा यांतील पाणी बारीक जाळीवर गाळून मोरीत सोडावे आणि गाळ तेवढा डब्यात टाकावा. डबा झाकणाचा, आठ-दहा लिटरचा असावा आणि तळाशी वर्तमानपत्राची दुहेरी घडी घालावी. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देण्याची सवय मोडावी लागते, कारण बंद पिशवीत पाणी साचते आणि पिशवी फुटली की एका जागी न राहता सगळीकडे पसरते. शिवाय महापालिकाही अशी पिशवी ओला कचरा म्हणून स्वीकारत नाही.

मासळीच्या दिवसाचा विचार वेगळा करावा लागतो. कोलंबीची सालं, खवले आणि आतडी यांवर हिरवी चकचकीत माशी काही तासांत अंडी घालते, आणि दुपारी डब्यात टाकलेला हा ऐवज दुसऱ्या सकाळपर्यंत घरातल्या घरात तिला संधी देतो. तो कागदात गुंडाळून, झाकणाच्या जुन्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि गाडी येण्याच्या वेळी बाहेर काढावा. काही घरांत यावर नाके मुरडली गेली, पण ज्या फ्रीझरमध्ये सकाळी आख्खा पापलेट होता त्यातच त्याचे खवले काही तास राहिल्याने बिघडत काहीच नाही.

सुक्या कचऱ्यातील ओल सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दुधाची न धुतलेली पिशवी, रश्श्याचा डबा आणि केकचा पुठ्ठा हे सुक्यात मोडतात, पण उंदीर आणि माशी यांना तो ओला कचराच असतो. पिशव्या विसळून, उलट्या करून वाळवल्यावरच सुक्यात जाव्यात.

घराबाहेर डबा रात्री ठेवू नये. आमच्याकडे बहुतेक जण झोपताना डबा दारात ठेवत, म्हणजे प्रत्येक मजल्यावर आठ तास चार डबे उघडे पडलेले असत. आता सफाई कामगार सकाळी सात ते आठ या वेळेत वरच्या मजल्यापासून खाली येतात आणि ओला कचरा दारातून बादलीत घेतात. ज्यांना तेव्हा जमत नाही त्यांनी तो स्वतः खाली आणून डब्यात टाकायचा आहे.

शूटचे काय करावे

या विषयावर समितीत सर्वाधिक वाद होतात. माझे स्पष्ट मत असे आहे की शूटमधून ओला कचरा टाकू नये, मग ती कितीही चांगली बांधलेली असो. चौदाव्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे 40 मीटरवरून, पडणारी पिशवी तळाशी पोहोचेपर्यंत तिचा वेग रस्त्यावरील गाडीएवढा होतो. ती वाटेत भिंतीला घासते, तळाशी फुटते आणि तिच्यातील पाणी नळीच्या आतल्या बाजूवर उडते. हा थर दिसत नाही, त्यामुळे पुसलाही जात नाही. स्टीलच्या गुळगुळीत नळीत तो निदान धुऊन निघतो, पण जुन्या इमारतींत शूट सिमेंटच्या गिलाव्याची असते. तिच्या खरबरीत अंगात तो मुरतो आणि त्याच खरबरीतपणामुळे उंदराला वर चढायला पायऱ्याही मिळतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरील झाकणाची स्प्रिंग तुटलेली होती, झाकण कायम दोन बोटे उघडे राहत असे, आणि त्या मजल्यावरील तक्रारी घुशीच्या नसून लहान उंदरांच्या होत्या. कारण तिथेच होते.

आम्ही शूट फक्त स्वच्छ, बांधलेल्या सुक्या कचऱ्यासाठी ठेवली. रात्री दहा ते सकाळी साडेसहा झाकणांना कुलूप असते. गिलाव्याची शूट असेल आणि तिची दुरुस्ती परवडत नसेल, तर प्रत्येक मजल्यावरील तोंड पत्र्याने व सिमेंटने कायमचे बंद करणे अधिक शहाणपणाचे आहे. मात्र बंद करण्यापूर्वी आतून धुवावी, नाहीतर वर्षानुवर्षांचा थर आत कोंडला जातो आणि झुरळांना निवांत घर मिळते.

धुण्याचा क्रम असा असावा. आदल्या दिवशी सूचना लावून सर्व मजल्यांची झाकणे कुलूपबंद करावीत, कारण खाली माणूस काम करत असताना वरून पडलेली बाटली जीव घेऊ शकते. तळाचा डबा बाजूला काढावा. गच्चीवरून, दोराला वजन बांधलेला गोल ब्रश सोडून, प्रथम कोरडा गाळ खरवडून खाली पाडावा आणि तो गोळा करून ओल्या कचऱ्यात द्यावा. त्यानंतर भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी वरून सर्व बाजूंनी फिरवावे, दहा मिनिटे थांबून पुन्हा ब्रश सोडावा आणि शेवटी जोराच्या फवाऱ्याने वरून खाली धुवावे. थर तेलकट असल्यामुळे साबणाशिवाय थेट ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकण्यात अर्थ नसतो, ते वरच्या वर राहते. ब्लीचिंग आणि फरशीचे ॲसिड एकत्र कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि शूटसारख्या बंद नळीत तो माणसाला गुदमरवतो. हे पाणी मलवाहिनीला जोडलेल्या मोरीत जायला हवे, पावसाळी गटारात नव्हे. धुतल्यावर गच्चीवरील हवेचे तोंड उघडे ठेवून नळी वाळू द्यावी, मात्र त्या तोंडाला बारीक जाळी हवी.

फक्त सुका कचरा जात असेल तर अशी धुलाई तीन महिन्यांतून एकदा पुरते. ओलाही जात असेल तर महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला करावी लागते. झाकणांच्या कडा आणि शूटचे खालचे तोंड मात्र दर आठवड्याला दोनदा पुसावे, कारण माशीचा हिशेब तिथे लागू होतो. शूट तुंबली तर कोणीही खालून हात किंवा डोके आत घालू नये. तुंबलेला भार अचानक सुटतो. तो वरून, दोराला वजन बांधूनच सोडवावा.

कचऱ्याची खोली आणि डबे

डबे किती हवेत याचा अंदाज सहसा चुकतो. आमच्याकडे घरटी सुमारे 800 ग्रॅम ओला कचरा निघतो, म्हणजे 56 घरांचा 45 किलो. सैल भरलेला ओला कचरा लिटरला अर्धा किलो धरला तर त्याला 90 लिटर जागा लागते. झाकण नीट बसावे म्हणून डबा पाऊण भरायचा असे ठरवले तर 120 लिटरचा एक चाकांचा डबा रोजच्या दिवशी बरोबर पुरतो. पण गाडी एखाद्या दिवशी आली नाही, आंब्याचे दिवस असले किंवा गणपतीत निर्माल्य व नारळाच्या शेंड्या वाढल्या, की हाच कचरा दुप्पट होतो. म्हणून आम्ही तीन डबे घेतले. एक वापरात, एक गाडी न आल्यास, आणि तिसरा धुऊन उन्हात उलटा टाकलेला. पूर्वी आमच्याकडे एकच मोठा डबा होता, आणि दर सोमवारी त्याचे झाकण कचऱ्यावर टेकून तिरपे उघडे असे.

डबा धुताना आतला तळ सगळे धुतात, पण झाकणाची खालची कड, कडेची वळणी आणि चाकांच्या आसाची पोकळी राहते, आणि अळ्या नेमक्या तिथे असतात. तळाला पाणी काढण्याचे बूच असेल तर ते जागेवर आहे याची खात्री करावी. तडा गेलेला किंवा कुरतडलेला डबा चिकटवत बसू नये. डबे भिंतीपासून वीतभर सोडून, सहज हलवता येतील असे ठेवावेत, म्हणजे मागची जागा रोज झाडली जाते.

खोलीची फरशी मोरीकडे उतरती हवी. आमच्या खोलीत मोरी होती, परंतु उतार उलट दिशेला होता आणि कचऱ्याचे पाणी मागच्या कोपऱ्यात साचत होते. ठसे, लेंड्या आणि अळ्या तिन्ही त्या एका कोपऱ्यात सापडल्या. गवंड्याने एका दिवसात उतार बदलून कोब्याला घोटीव सिमेंटचा हात दिला, आणि या कामातील सर्वांत जास्त फरक त्या एका दिवसाने पडला.

दाराखालची फट 6 मिलिमीटरपेक्षा कमी असावी आणि लाकडी दाराच्या खालच्या फूटभर भागाला आतून-बाहेरून पत्रा मारावा, नाहीतर ते कुरतडले जाते. पाइप भिंतीतून जिथे आत येतात तिथली भोके पिवळ्या फोमने भरण्याचा सोपा मार्ग अनेक जण स्वीकारतात. उंदीर तो फोम रातोरात पोखरतो. भोकात प्रथम स्टीलची घासणी घट्ट कोंबावी आणि वर सिमेंट भरावे. जुने गवंडी सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालतात, तेही चालते. खिडकीला उंदरांसाठी बारीक चौकटीची लोखंडी जाळी आणि तिच्यावर माश्यांसाठी डासांची जाळी, अशा दोन्ही लावाव्यात.

सापळे आणि औषध यांची पाळी

अन्न बंद झाल्यावर, आधी नव्हे, सापळे लावावेत. पोटभर खाणारा उंदीर सापळ्यातील भजीकडे पाहतही नाही. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून खटक्याचे सापळे तीन-चार रात्री न ताणता, फक्त खाणे लावून, रांगोळीत ठसे उमटलेल्या वाटेवर ठेवावेत. त्यांची खाण्याची बाजू भिंतीला लागून असावी. खाणे नियमित नाहीसे होऊ लागले की एकाच रात्री सर्व सापळे ताणावेत. आमच्याकडे सुक्या बोंबलाचा तुकडा सर्वांत चालला. चिकट पुठ्ठे वापरू नयेत. जनावर त्यावर तासन्‌तास जिवंत तडफडत राहते, आणि ते उचलण्याचे काम शेवटी सफाई कामगाराच्या गळ्यात पडते.

बिळे आणि भोके बुजवण्याचे काम ठसे उमटणे थांबल्यावर करावे. आत उंदीर असताना भोक बुजवले तर तो दुसरीकडून पोखरतो किंवा आतच मरून पंधरा दिवस दुर्गंधी देतो. बाजारातील विषारी वड्यांमुळे रक्त न गोठण्याचा परिणाम होऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, तोही आपल्या सोयीच्या जागी नव्हे. अशा मेलेल्या उंदरामुळे मांजरे आणि घुबडे दगावतात. औषध वापरायचेच असेल तर ते परवानाधारक माणसाकडून आणि कुलपाच्या पेटीतच ठेवून घ्यावे, उघड्यावर वड्या टाकून नव्हे.

या सर्व कामात कामगारांच्या हातात रबरी मोजे आणि पायात गमबूट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कारण उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून शरीरात जातो. सुक्या लेंड्या झाडूने उडवू नयेत. त्यांवर ब्लीचिंगचे पाणी शिंपडून, दहा मिनिटांनी ओल्या कागदाने उचलाव्यात.

काम जमले की नाही हे तक्रारींवरून ठरवू नये, कारण एक उंदीर दिसला की व्हॉट्सॲपवर तो पाच वेळा दिसतो. दर सोमवारी त्याच चार ठिकाणी रांगोळी टाकावी आणि कचऱ्याच्या खोलीत त्याच जागी एक चिकट पट्टी 24 तास टांगून माश्या मोजाव्यात. आकडे एका वहीत लिहावेत. माश्यांचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उतरायला हवा, कारण तोवर जुने कोश फुटून संपलेले असतात. ठशांना दीड-दोन महिने लागतात. माश्या उतरल्या नाहीत आणि शेजारी मासळी बाजार किंवा गोठा असेल, तर त्या तिथून उडत येत असतील. अशा वेळी आपल्या खोलीत अळ्या-कोश सापडतात का एवढेच पाहावे. ते नसतील तर आपल्या हातातील काम झालेले आहे आणि उरला तो खिडकीच्या जाळीचा प्रश्न.

आमच्या वहीत मे महिन्यात आकडा एकदा अचानक चढला होता. खोली स्वच्छ होती, शूट कोरडी होती. शेवटी तिसरा, ‘धुऊन उलटा टाकलेला’ डबा उचलून पाहिला, तेव्हा त्याच्या खाली कोणीतरी आंब्याच्या कोयींची पेटी सरकवून ठेवलेली सापडली.